बाहेरच्या अनुवादकाला चुका कशा सांगाव्यात

संस्थेबाहेरच्या अनुवादकाचे काम कच्चे निघाले की बहुतेक कार्यालयांत दोनपैकी एक गोष्ट घडते. कोणीतरी रात्री बसून मजकूर निस्तरतो, तो छपाईला जातो आणि अनुवादकाला काहीच कळवले जात नाही. पुढचे काम मात्र गुपचूप दुसऱ्याकडे वळते. किंवा मग लाल खुणांनी भरलेली फाइल 'बऱ्याच चुका आहेत, कृपया पाहावे' एवढ्या एका ओळीसह परत जाते. पहिल्या प्रकारात आपले काय चुकले हे अनुवादकाला कधीच समजत नाही. दुसऱ्या प्रकारात सगळे एकदमच अंगावर येते आणि त्यातले महत्त्वाचे कोणते, किरकोळ कोणते हे त्याला उमगत नाही. दोन्ही वेळा माणूस तुटतो आणि संस्थेला पुन्हा नव्याने कोणाला तरी शोधून, चाचणी घेऊन, कामाची पद्धत समजावून सांगावी लागते.

नोकरीतल्या माणसाला सुधारायला पुष्कळ आडवाटा असतात. शेजारच्या टेबलावरचा सहकारी सहज काहीतरी सांगून जातो, छापून आलेला मजकूर हातात पडतो, वर्षाअखेरीस वरिष्ठ बोलावून घेतात. शब्दांच्या हिशोबाने मानधन घेऊन घरी बसून काम करणाऱ्याला यातले काहीही मिळत नाही. फाइल पाठवली की त्याच्या दृष्टीने काम संपले; तिचे पुढे काय झाले, कोणी काय बदलले, वाचकाला कुठे अडले हे त्याला दिसत नाही. त्यामुळे संस्थेकडून येणारा अभिप्राय हाच त्याच्या शिकण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग असतो. शिवाय त्याला सोडून जाण्याची पूर्ण मोकळीक असते. त्याला राजीनामा द्यावा लागत नाही. पुढच्या वेळी 'सध्या हातात काम आहे' एवढे म्हणणे पुरते.

अभिप्राय दिला की काम सुधारतेच, असे मात्र नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली या विषयावरच्या आधीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. अभिप्रायामुळे सरासरीने काम सुधारते, हे त्यात दिसले. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा बिघडले होते. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे की, ऐकणाऱ्याचे लक्ष हातातल्या कामावरून उठून स्वतःच्या लायकीकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग घटत जातो. 'हे वाक्य उलट्या अर्थाचे झाले आहे' असे ऐकणारा वाक्याकडे पाहतो. 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' असे ऐकणारा स्वतःचा बचाव शोधू लागतो. समन्वयकाला पुढे जे जे करायचे असते, त्याचा पाया हाच आहे: बोलणे वाक्यावर राहिले पाहिजे.

यासाठी एक प्रसंग तपशिलात घेऊ. समजा, एका आरोग्यसंस्थेला मधुमेहाच्या रुग्णांसाठीची इंग्रजी पुस्तिका मराठीत करून हवी आहे. मजकूर सुमारे सहा हजार शब्दांचा, मुदत पाच दिवसांची. काम कोल्हापूरच्या एका अनुवादिकेकडे दिले जाते. त्यांनी पूर्वी सरकारी योजनांची माहितीपत्रके या संस्थेसाठी चांगली करून दिली आहेत. वैद्यकीय मजकूर मात्र पहिल्यांदाच. फाइल वेळेवर येते. समन्वयक दोन पाने वाचतो आणि त्याला मजकूर 'कसातरीच' वाटतो.

'कसातरीच वाटतो' हा अभिप्राय होऊ शकत नाही. म्हणून पहिले काम अनुवादिकेला लिहिण्याचे नसून मजकूर नीट तपासण्याचे आहे. अनुवादसेवेसाठीचे आयएसओ १७१०० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१५ साली आले. त्यात अनुवादकाने स्वतःचे काम तपासून देणे आणि त्यानंतर दुसऱ्या जाणकाराने मूळ मजकूर शेजारी ठेवून अनुवाद तपासणे, अशा दोन वेगळ्या पायऱ्या सांगितल्या आहेत. मूळ शेजारी ठेवणे ही यातली मुख्य अट. फक्त मराठी वाचले तर वाक्य खडबडीत आहे एवढे कळते. ते चूक आहे की नाही हे कळत नाही. याच्या उलट, अत्यंत ओघवते मराठी वाक्य मुळाच्या नेमके विरुद्ध असू शकते, आणि तेही मूळ न पाहता सापडत नाही.

सहा हजार शब्द पहिल्याच फेरीत शब्दशः तपासायची गरज नाही. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन तुकडे मिळून हजारभर शब्द घ्यावेत. त्यांच्या जोडीला, मजकुरात जिथे जिथे आकडा, मात्रा, मुदत किंवा 'करू नये' असे काही आहे, ती सगळी ठिकाणे पाहावीत. आरोग्याच्या मजकुरात खरा धोका याच जागी असतो.

समजा, या तपासणीत पुढील गोष्टी निघाल्या. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी आणि ती गोठू देऊ नये, असे मुळात आहे. पानाच्या कडेच्या चौकटीत हीच सूचना पुन्हा थोडक्यात दिली आहे आणि तिथे अनुवादात 'इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवू नये' असे आले आहे. फक्त चौकट वाचणारा रुग्ण कुपी उन्हाळ्यात कपाटावर ठेवील आणि उष्णतेने तिची ताकद कमी होईल. दुसऱ्या एका चौकटीत, रक्तातली साखर एकदम खाली गेल्यास एक मोठा चमचा साखर किंवा मध घ्यावा, असे आहे. अनुवादात 'एक चमचा'. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि घरात ज्याला नुसते चमचा म्हणतात तो ५ मिलिलिटरचा, म्हणजे रुग्णाला गरजेच्या एक तृतीयांशच साखर मिळणार.

यानंतर भाषेच्या गोष्टी. एकाच संकल्पनेला पुस्तिकेत कुठे 'रक्तातील साखर', कुठे 'रक्तशर्करा', तर कुठे 'ब्लड ग्लुकोज' म्हटले आहे. शेवटच्या दोन प्रकरणांत 'ज्या रुग्णाला इन्सुलिन दिले जात आहे त्याच्याद्वारे जेवण टाळले जाऊ नये' अशी वाक्ये आहेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये, एवढेच म्हणायचे होते. काही ठिकाणी 'आणि'ची दुसरी वेलांटी झाली आहे. या सगळ्यांखेरीज तपासणाऱ्याने आणखी चाळीसेक बदल केले आहेत: 'परंतु'चे 'पण', 'तपासणी'चे 'चाचणी', 'आवश्यक'चे 'गरजेचे'.

हे शेवटचे बदल अभिप्रायातून बाहेर काढणे, ही पुढची पायरी आणि सर्वांत जास्त चुकणारी. कॅनडातले अनुवादक ब्रायन मॉसप यांनी अनुवाद तपासण्याच्या शास्त्रावर लिहिले आहे. तपासणाऱ्याला प्रत्येक बदलाचे कारण सांगता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह आहे. 'मला असे बरे वाटते' हे कारण त्यात बसत नाही. प्रत्येक खुणेपुढे एक कारण लिहून पाहावे: अर्थ बदलतो, आकडा चुकतो, ठरलेला शब्द नाही, व्याकरण चुकते, मराठी वाचकाला कळत नाही. यातले एकही लिहिता आले नाही, तर तो बदल तपासणाऱ्याच्या पसंतीचा. छापताना हवा तर तो ठेवावा, पण अनुवादकाच्या खात्यावर दोष म्हणून मांडू नये. चाळीस पसंतीच्या खुणांमध्ये दोन घातक चुका मिसळल्या की अनुवादिकेला बेचाळीस लाल खुणा दिसतात. त्यातल्या 'परंतु'च्या खुणा पाहून 'यांना उगाच खोड काढायची आहे' असे तिचे मत होते, आणि मग फ्रीजची चूकही त्याच रागात बाजूला पडते. पुष्कळशा चांगल्या अनुवादकांनी चांगल्या संस्था सोडल्या आहेत त्या अशा खुणांमुळे.

उरलेल्या दोषांचे वजन ठरवायला या व्यवसायात बसलेली पद्धत आहे. एमक्यूएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकटीत चुकांचे प्रकार आणि त्यांची तीव्रता वेगवेगळी नोंदवतात. सौम्य चुकीला १, गंभीर चुकीला ५ आणि घातक चुकीला त्याहून कितीतरी जास्त, बहुधा २५ गुण धरून बेरीज करतात. आपल्या उदाहरणात इन्सुलिन आणि चमचा घातक, शब्दांची सरमिसळ व जड वाक्ये गंभीर, वेलांट्या सौम्य. मोठ्या कंपन्यांना हजारो फाइलींची तुलना करायला बेरजेचा उपयोग होतो. एका अनुवादिकेला पत्र लिहिताना तो आकडा पाठवू नये. '१०० पैकी ५८' वाचणारी व्यक्ती आधी स्वतःकडे पाहते, वाक्याकडे नंतर. तीव्रतेचे तीन गट मात्र जरूर वापरावेत, कारण त्यामुळे काय आधी दुरुस्त करायचे ते कळते.

आता चुका किती आहेत यापेक्षा त्या कुठे आहेत हे पाहावे. दोन्ही घातक चुका चौकटींत आहेत. जड वाक्ये शेवटच्या दोन प्रकरणांत आहेत. पहिल्या तीन प्रकरणांची मराठी सरळ आणि घरगुती आहे. याचा अर्थ अनुवादिकेला साधे मराठी लिहिता येत नाही असे नाही, कारण ते तिने याच पुस्तिकेत लिहिले आहे. चौकटी आणि शेवटची प्रकरणे यांच्या बाबतीत काहीतरी वेगळे घडले आहे. चुका सर्वत्र सारख्या पसरलेल्या असत्या, तर कारण क्षमतेत किंवा विषयाच्या अपरिचयात शोधावे लागले असते. एखाद्या पानापासून पुढे लेखनाची पद्धतच बदलली, आधी न दिसलेल्या सवयी आणि वेगळे शुद्धलेखन दिसू लागले, तर कामाचा भाग आणखी कोणाकडून करून घेतल्याचीही शक्यता असते. चुकांची जागा कारणाकडे बोट दाखवते, म्हणून पत्र लिहिण्याआधी हा नकाशा हातात असावा.

पत्राच्या आधी फोन करावा. लेखी मजकुराला आवाज नसतो. 'कृपया पाहावे' हे दोन शब्द एकाला साधे वाटतात, दुसऱ्याला खोचक. फोन लांबवू नये आणि त्यात सगळ्या चुका वाचून दाखवू नयेत. मुख्य गोष्ट आधी सांगावी आणि लगेच प्रश्न विचारावा. समन्वयक म्हणतो, "मॅडम, पुस्तिका वाचली. दोन चौकटींत अर्थ बदललाय आणि मजकूर रुग्णांच्या हातात जाणार, म्हणून लगेच फोन केला. चौकटी करताना काही अडचण आली होती का?"

अशा वेळी येणारे उत्तर बहुतेकदा उपयोगी असते. समजा, अनुवादिका सांगते, "अहो, चौकटी मूळ फाइलमध्ये नव्हत्याच. चौथ्या दिवशी संध्याकाळी तुमच्या ऑफिसमधून फोटो आले मोबाइलवर. अक्षर लागत नव्हतं नीट. आणि शेवटची दोन प्रकरणं त्याच रात्री केली." पाच दिवसांच्या कामात चौथ्या संध्याकाळी नवा मजकूर आला आणि तो अस्पष्ट होता. गोठण्याबद्दलचे वाक्य फोटोत अर्धवट दिसत असेल, तर अनुवादिकेने विचारायला हवे होते, ही तिची चूक उरतेच. पण फोटो पाठवणे ही संस्थेची चूक आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढचे बोलणे खरे होणार नाही. या उत्तरानंतर समन्वयकाला काय दुरुस्त करायचे आहे तेच बदलते. अनुवादिकेला 'जास्त काळजी घ्या' असे सांगून काहीही सुधारले नसते, कारण पुढच्या वेळीही चौकटी फोटोनेच आल्या असत्या.

अर्थात काही वेळा कारण साधे असते: घाई, कंटाळा, विषय न समजणे. तेही या प्रश्नातूनच कळते. 'असे का झाले?' या प्रश्नाला माणूस सबब देतो, 'कुठे अडले?' या प्रश्नाला तो जागा दाखवतो.

फोननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पत्र जावे. ते फक्त अनुवादिकेला जावे. सगळे अनुवादक असलेल्या व्हॉट्सअॅप गटावर 'सर्वांनी लक्षात घ्या' म्हणून एखादीचे वाक्य टाकले की नाव न घेताही सगळ्यांना कळते. पत्र साधारण असे लिहिता येईल:

"नमस्कार मॅडम. काल बोलल्याप्रमाणे पुस्तिकेबद्दल लिहीत आहे. चौकटींचा मजकूर आमच्याकडून उशिरा आणि अस्पष्ट आला. टाइप केलेली प्रत सोबत जोडली आहे. दोन ठिकाणी अर्थ बदलला आहे आणि ते आधी दुरुस्त व्हायला हवे. पान ९ वर मुळात इन्सुलिन गोठू देऊ नये असे आहे. आपल्याकडे 'फ्रीजमध्ये ठेवू नये' आले आहे. पान १४ वर मोठ्या चमच्याचा उल्लेख आहे. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर. वाचकाला घरातले तीन छोटे चमचे म्हटले तर कळेल का, ते आपण ठरवावे. सगळ्याच चौकटी नव्या प्रतीशी एकदा ताडून पाहाव्यात.

प्रकरण ४ आणि ५ मध्ये वाक्ये जड झाली आहेत. नमुन्यादाखल तीन वाक्ये खाली देत आहे. प्रकरण २ मध्ये आपण 'पायाला जखम झाली तर लगेच दाखवा, दुखत नाही म्हणून थांबू नका' असे लिहिले आहे. शेवटची प्रकरणे याच पद्धतीने हवीत. 'रक्तातील साखर' हा एकच शब्द सगळीकडे ठेवू. आमच्याकडून शब्दांची यादी द्यायची राहिली होती, ती आता जोडली आहे. उपाशीपोटी करायच्या तपासणीला 'जेवणापूर्वी' असा बदल सुचवला आहे. यातले काही पटले नाही तर जरूर लिहा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जमेल का?"

या पत्रात काय आहे आणि काय वगळले आहे, दोन्ही पाहण्यासारखे आहे. चुकांची संपूर्ण यादी यात नाही. घातक चुका पानाच्या क्रमांकासह सगळ्या दिल्या आहेत, पण जड वाक्यांचे तीनच नमुने आहेत. तीन नमुन्यांवरून दोष ओळखून उरलेला मजकूर अनुवादिकेने स्वतः सुधारायचा आहे. सगळी वाक्ये समन्वयकाने सुधारून पाठवली असती, तर तिला फक्त 'स्वीकारा' हे बटण दाबायचे राहिले असते आणि पुढच्या कामात तीच वाक्ये पुन्हा आली असती. दुरुस्ती त्याच माणसाच्या हातून होणे, हा शिकण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्यासाठी मुदतीत दोन-तीन दिवस आधीच राखून ठेवावे लागतात.

पत्रात एक चांगले वाक्य उचलून दाखवले आहे. ते कौतुकाचा शिरस्ता म्हणून आलेले नाही. आधी स्तुती, मग चुका, शेवटी पुन्हा स्तुती अशी बांधणी अनेक कार्यालयांत शिकवली जाते. ऐकणाऱ्याला ती दुसऱ्याच वेळी ओळखू येते आणि मग 'आपले काम छान आहे' हे शब्द वाचताच तो पुढच्या 'पण'ची वाट पाहू लागतो. प्रकरण २ मधले वाक्य इथे एक काम करते: अपेक्षित भाषा कशी असते हे ते अनुवादिकेच्याच लेखणीतून दाखवते. असे नेमके काही दाखवण्यासारखे नसेल, तर ओढूनताणून स्तुती करू नये.

'नेहमी', 'अजिबात', 'निष्काळजीपणा', 'अशा अनुभवी व्यक्तीकडून' असे शब्दही पत्रात नाहीत. ही सभ्यतेची बाब आहेच, पण त्याहून ती अचूकपणाची बाब आहे. समन्वयकाला दोन चौकटी आणि दोन प्रकरणे माहीत आहेत. माणसाचा स्वभाव त्याला माहीत नाही.

पत्राला उत्तर येते तेव्हा अभिप्रायाची दुसरी बाजू सुरू होते. समजा, अनुवादिका बाकी सगळे मान्य करते, पण 'जेवणापूर्वी' या बदलाला हरकत घेते. उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तास काही खाल्लेले नसावे लागते. दुपारच्या जेवणाआधी केलेली तपासणीही 'जेवणापूर्वी'चीच असते आणि ती वेगळी गोष्ट आहे. इथे अनुवादिका बरोबर आहे आणि तपासणाऱ्याने चांगला मजकूर बिघडवला होता. समन्वयकाने ते तसेच लिहावे: 'आपले बरोबर आहे, मूळ शब्द ठेवत आहोत.' बाहेरच्या माणसाला संस्थेशी बांधून ठेवणारी सर्वांत पक्की गोष्ट बहुधा हीच असते, की त्याने कारण दिले तर ते ऐकले जाते. म्हणूनच पत्रात 'पटले नाही तर लिहा' हे वाक्य हवे, आणि ते मनापासून हवे.

मतभेद नेहमी इतका सरळ सुटत नाही. शुद्धलेखनाचा प्रश्न असेल तर मराठी लेखनविषयक नियम आहेत. साहित्य महामंडळाच्या पुढाकाराने १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार, असे एकूण अठरा. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहता येतात, मात्र रुग्णांच्या पुस्तिकेत त्यातला प्रत्येक शब्द चालेल असे नाही. वैद्यकीय अर्थाबद्दल शंका असेल तर संस्थेतल्या डॉक्टरांना विचारावे आणि त्यांचे उत्तर दोघांनीही मानावे. कुठल्याच आधाराने निकाल लागत नसेल, तर तो पसंतीचा मामला आहे. संस्थेने आपला निर्णय सांगावा आणि तो दोष म्हणून नोंदवू नये.

पैशांचा विषय या पत्रापासून दूर ठेवलेला बरा. काम कच्चे आले म्हणून बिल आल्यावर मानधन कापणे, हा माणूस तोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. त्यामुळे तोपर्यंत दिलेला सगळा अभिप्रायही 'पैसे कमी करण्यासाठी केलेली तयारी' असा वाचला जातो. कपात करायचीच असेल तर तिच्या अटी काम देतानाच लिहून ठरलेल्या असाव्यात. आपल्या उदाहरणात रेषा अशी आखता येते: अर्थाच्या चुका आणि जड वाक्ये सुधारणे हे मूळ कामातच येते, त्यासाठी जादा पैसे नाहीत. शब्दांची यादी मात्र संस्थेने नंतर दिली, म्हणून त्यानुसार बदल करण्याचा वेळ एकतर संस्थेने भरून द्यावा किंवा ते बदल कार्यालयातच करून घ्यावेत. ही रेषा फोनवरच सांगितली तर मनात शंका राहत नाही.

यात कायद्याचाही एक भाग आहे आणि तो समन्वयकांना सहसा माहीत नसतो. अनुवादकाने सूक्ष्म किंवा लघु व्यवसाय म्हणून उद्यम नोंदणी केली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार करारात काहीही ठरले असले तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते काम स्वीकारले असे धरले जाते. महिनाभर फाइल तशीच ठेवून मग 'दर्जा नव्हता' म्हणणाऱ्या संस्थेची बाजू तिथे लंगडी पडते. तशीही उशिरा केलेली सूचना कामाची नसते. आठवडाभरात अनुवादक दुसऱ्या विषयात बुडालेला असतो आणि एखादे वाक्य आपण तसे का लिहिले, हे त्यालाच आठवत नाही.

दुरुस्त फाइल आली की ती वाचून, अंतिम प्रत अनुवादिकेला पाठवावी. हे काम जेमतेम मिनिटाभराचे, तरी बहुतेक ठिकाणी राहून जाते. त्यापुढे महत्त्वाचे असते ते पुढचे काम. अभिप्रायानंतर तीन महिने शांतता राहिली, तर अनुवादिका स्वतःच अर्थ लावते की आपल्याला वगळले. शक्य असेल तर दोन-तीन आठवड्यांत त्याच विषयावरचे छोटे काम द्यावे, पाचशे ते हजार शब्दांचे, शब्दांच्या यादीसह आणि पुरेशा मुदतीचे. लहान कामात चूक झाली तर नुकसान कमी होते, आणि सुधारणा झाली की नाही हे लगेच दिसते. तपासताना आधी सांगितलेल्या दोषांकडेच पाहावे. ते गेले असतील तर तसे एका ओळीत कळवावे: 'या वेळी चौकटी अगदी नेमक्या आहेत.' नवे दोष दिसले तरी सगळे एकदम काढू नयेत; घातक असेल तेवढेच लगेच सांगावे.

तेच दोष पुन्हा आले तर मात्र स्पष्ट बोलायला हवे. यादी दिली, मुदत पुरेशी होती, मूळ मजकूर स्वच्छ होता आणि तरीही 'करू नये'च्या जागी दुसऱ्यांदा उलटा अर्थ आला, तर वैद्यकीय मजकूर या व्यक्तीकडे देऊ नये, असाच निष्कर्ष निघतो. त्याचा अर्थ संबंध संपवणे असा होत नाही. योजनांची माहितीपत्रके त्या आधीही चांगली करत होत्या. समन्वयकाने फोनवर सांगावे, "मॅडम, औषधांचा मजकूर यापुढे डॉक्टरकीची पार्श्वभूमी असलेल्यांकडे देणार आहोत. योजनांची कामं आधीसारखीच तुमच्याकडे येत राहतील." हे बोलून पुढे योजनांची कामे पाठवली नाहीत, तर ती थाप ठरते, पाठवायची नसतील तर हे वाक्य उच्चारूच नये. बिलाला उत्तर न देणारी, मुदती सतत चुकवणारी किंवा परवानगीशिवाय गोपनीय मजकूर तिसऱ्याकडे सोपवणारी व्यक्ती असेल, तर तिथे अभिप्रायाचा प्रश्न उरत नाही. झालेल्या कामाचे पैसे चुकते करून, यापुढे काम देणार नसल्याचे दोन ओळींत लिहून कळवावे.

समन्वयक बदलतात आणि त्यांच्याबरोबर ही सगळी समज जाते, म्हणून प्रत्येक अनुवादकामागे एक छोटी नोंद ठेवावी. तिच्यात 'दर्जा साधारण' असा शेरा नसावा. 'साधी मराठी उत्तम; चौकटी व आकडे वेगळे तपासावेत; मूळ मजकूर टाइप केलेलाच द्यावा; वैद्यकीय शब्दांची यादी आवश्यक' अशी ती असावी. ही नोंद त्या अनुवादिकेने वाचली तरी कोणाला अडचण वाटू नये, अशा शब्दांत ती लिहावी, आणि तिने मागितली तर दाखवावी.